पाण्याच्या गोळ्या

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाला काचेचं दार आहे, आणि त्या दाराआड एकच कागद नीट बसतो. दोन कागद लावले की दार लागत नाही, कुलूप अडकत नाही, आणि मग कोणीही येऊन त्यावर काहीही खरडून जातं. सेक्रेटरी झालो त्याच दिवशी मी नियम केला: नोटीस कितीही महत्त्वाची असो, ती एका पानात बसली पाहिजे. सदतीस वर्षं मी सरकारी कचेरीत मसुदे केले आणि साहेबांच्या चार पानांचं एक पान करून दाखवलं. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ असे शब्द दिसले की माझा हात शिवशिवायचा. याचा मला अभिमान होता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते याच अभिमानाने केलं.

पण मला सांगायचं आहे ते कंपाउंडरबद्दल.

कंपाउंडर आमच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ते चाळीस वर्षं कंपाउंडर होते. आधी थोरल्या डॉक्टरांकडे, मग त्यांच्या मुलाकडे. दवाखाना आठवड्यातून एकच दिवस बंद, आणि त्या दिवशीही कोणी दार वाजवलं की हे शर्ट चढवून निघायचे. बायको म्हणायची, “मला एकदा रेल्वेत बसवून लांब कुठेतरी देवाला न्या.” हे म्हणायचे, “पुढच्या वर्षी.” ती बाई पुढच्या वर्षाची वाट बघत गेली. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही हलला नाही. अशा माणसांचं फार लागतं मनाला.

त्यांची पुडी बांधायची पद्धत सगळ्या वस्तीला ठाऊक होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पुडीवर चित्र: सकाळची गोळी असेल तर अर्धा सूर्य, दुपारची असेल तर पुरा सूर्य, रात्रीची असेल तर चंद्र. ज्याला वाचता येतं त्याच्या पुडीवर एक अख्खं वाक्य, आणि त्यात कारण असायचंच. ‘ही सकाळी, पोटात काहीतरी गेल्यावर घ्या, कारण रिकाम्या पोटी जळजळते.’ ‘ही अर्धीच घ्या, अख्खी घेतली तर चक्कर येऊन पडाल.’ निवृत्तीनंतरही माणसं गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन त्यांच्या दाराशी यायची. डॉक्टर लिहून देतात ते इंग्रजीत, दुकानदार सांगतो ते घाईत. कंपाउंडर सांगतात ते कळतं, असं सगळे म्हणायचे. त्यांच्या टेबलावर कागदाचे चौकोनी तुकडे आणि एक निळं पेन सदैव तयार असे. चाळीस वर्षांत एक पुडी चुकली नाही. ही गोष्ट ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण ती त्यांच्या चालण्यात दिसायची.

तर मागच्या वर्षी सभेत ठरलं की सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांची एक तीर्थयात्रा काढायची. रेल्वेने, सगळ्यांनी मिळून. नोटीस अर्थातच माझ्याकडे. मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. ‘गुरुवारी दुपारी पावणेचार वाजता फाटकाशी जमावे. साडेचारला स्टेशन. गाडी पाच चाळीसला सुटेल, कोणासाठीही थांबणार नाही. शनिवारी सकाळी नऊला पोहोचेल. पंचाहत्तरीपुढचे व गुडघेदुखीचे सभासद यांना खालचा बर्थ. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत उघडावा. तो उघडल्यावर खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही, याचे भान ठेवावे. ओळखपत्र गळ्यात, सामानावर नाव.’ एकूण सतरा जण, मला धरून. मधल्या बर्थवरून दोन जणांची भांडणंसुद्धा मी नोटीस लागायच्या आधीच मिटवली होती.

औषधांचा भाग मात्र मी कंपाउंडरना लिहायला सांगितला. ते स्वतःही येणार होते. पहिल्यांदाच. नाव नोंदवायला आले तेव्हा म्हणाले, “सेक्रेटरी, बर्थ कुठलाही द्या. मला झोप येणारच नाही, मी खिडकीतून बघणार आहे.”

दोन दिवसांनी त्यांनी दोन पानं आणून दिली. निळ्या शाईत, सुवाच्य. गोळ्या मोठ्या सामानात ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, कारण सामान बाकाखाली गेलं की वेळेवर निघत नाही. चार दिवस जास्तीच्या घ्या, कारण गाडी रखडू शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत खिशात ठेवा. इन्सुलिन थंड पिशवीत. आणि मग हा मजकूर, जो आता मला तोंडपाठ आहे:

‘प्यायचं पाणी बाटलीबंद मिळणार आहे, त्यामुळे पाणी शुद्ध करायला पाण्यात टाकतात त्या गोळ्या आणू नका. ज्यांना लघवी होण्यासाठी रोजची गोळी चालू आहे त्यांनी मात्र ती एकही दिवस चुकवू नये. गाडीत सारखं उठावं लागेल म्हणून ती टाळायचा मोह होतो. पण ती टाळली तर पायाला सूज येते, छातीत पाणी साठतं आणि जिवावर बेततं.’

मी पेन उघडलं. दोन पानांचं पाव पान करायचं होतं. ‘कारण’ उडाले, ‘त्यामुळे’ उडाले. या मजकुराशी आलो आणि थबकलो. ‘लघवी’ हा शब्द सोसायटीच्या बोर्डावर? फाटकातून आत येणारा प्रत्येक पाहुणा आधी तो बोर्ड वाचतो. बायका वाचतात, सुना वाचतात. मला ते बरं दिसेना. मी ती अख्खी वाक्यं काढून टाकली, आणि वरचं वाक्य आवळून असं केलं: ‘पाण्याच्या गोळ्या सोबत घेऊ नयेत.’

पाच शब्द. तेव्हा मला वाटलं, किती सुटसुटीत झालं! खाली, औषधांच्या रकान्यात, लिहिलं: ‘सूचना : कंपाउंडर’. मग प्रती काढल्या, एक बोर्डावर लावली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक दिली.

आता बाईंबद्दल सांगायला हवं. बाई आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलाजवळ, सुनेजवळ. शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय अशक्त, जीभ मात्र नाही. नाकावर माशी बसू देत नाहीत. त्यांच्या वर्गात बसलेली मुलं आज आजोबा झाली आहेत, पण त्या समोर आल्या की शर्टाचं वरचं बटण लावतात. ‘प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा,’ हे त्यांचं वाक्य. लिहिलेल्या शब्दावर त्यांचा जितका विश्वास, तितका बोललेल्यावर नाही.

बाईंना रोज चार गोळ्या होत्या. त्यातली एक लघवीची. कंपाउंडर पुरुषांच्या पुडीवर सरळ ‘लघवीची गोळी’ लिहायचे, पण बायकांच्या पुडीवर ते तसं लिहीत नसत. त्यांनाही संकोच होताच. बाईंच्या पुडीवर कित्येक वर्षं ते लिहीत आले होते: ‘पाण्याची गोळी. सकाळी घ्या, कारण रात्री घेतली तर झोपमोड होईल.’

झालं ते एवढंच. बाईंनी नोटीस नीट वाचली आणि उत्तर लिहिलं.

त्यांनाही ते सोयीचंच वाटलं, हे त्यांनी नंतर आडपडदा न ठेवता सांगितलं. सकाळी ती गोळी घेतली की दुपारपर्यंत पाच वेळा उठावं लागतं; गाडीतल्या त्या हलत्या, ओल्या मोरीत जायची कल्पनाच त्यांना नको वाटायची. नोटिशीने परवानगी दिली, आणि जीव भांड्यात पडला. त्या इतक्या शिस्तीच्या, की आदल्या दिवशीपासूनच त्यांनी गोळी बंद केली, सराव म्हणून. बुधवार एक, गुरुवार दोन. पुडी घरच्या कपाटात राहिली.

गुरुवारी सगळं घड्याळासारखं झालं. सतराच्या सतरा जण वेळेवर, ओळखपत्रं गळ्यात. बाईंना मी खालचा बर्थ दिला होता, त्यांच्या वरचा मधला कंपाउंडरना. गाडी हलली तसे कंपाउंडर खिडकीला जे चिकटले ते अंधार पडेपर्यंत. मधेच वळून म्हणाले, “हिला इथे बसवलं असतं.”

शुक्रवारी सकाळी मी उठलो तर त्यांचा मधला बर्थ रात्रभर उघडलाच नव्हता. बाई खिडकीला टेकून ताठ बसलेल्या, खोकत होत्या. आणि कंपाउंडर त्यांच्या पायाशी बसलेले.

“काय झालं?”

“आडवं झालं की खोकला येतोय बाईंना,” ते म्हणाले. “माझा बर्थ उघडला असता तर त्यांना बसता आलं नसतं. बसलोय आपला. मला कुठे झोपायचंय?”

मग त्यांनी बाईंना विचारलं. हा प्रश्न आणि हे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

“बाई, गोळ्या सगळ्या घेताय ना?”

“सगळं नोटिशीप्रमाणे,” बाई म्हणाल्या.

कंपाउंडरनी मान डोलावली. नोटीस त्यांचीच होती. त्यांनी स्वतः दोन पानं लिहून दिली होती, कोणी एक दिवस चुकवू नये म्हणून. मग शंका कशाला येईल? ते म्हणाले, “मग गाडीच्या वाऱ्याने असेल. खिडकी लावून घेऊ.”

डब्यातलं जेवण खारट होतं. बाईंनी ते नेमाने संपवलं, कारण ताटात टाकणं त्यांना आवडत नाही. दुपारी चारच्या सुमारास त्यांना एक वाक्यही एका दमात पुरं करता येईना. ज्या बाईंचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा, त्या ‘पाणी द्या’ म्हणायला दोनदा थांबल्या. कंपाउंडर खाली वाकले, त्यांचा पाय हातात घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

“बाई, डबी दाखवा.”

डबीत तीनच जातीच्या गोळ्या होत्या.

“पाण्याची गोळी कुठंय?”

“घरी,” बाई म्हणाल्या, आणि पर्समधून घडी घातलेली नोटीस काढून त्यांच्या हातात दिली. “तुम्हीच... लिहिलंत.”

कंपाउंडरनी चष्मा वर सरकवून ती ओळ वाचली. परत वाचली. मी समोरच्या बाकावर होतो. ती ओळ कुठली, हे मला त्या क्षणी कळलं. ते आता मान वर करून माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. मी सांगतो, मी त्या नजरेची वाट बघत होतो. ती आली असती तर मी बोललो असतो. त्यांनी बघितलंच नाही. कागदाची घडी घालून बाईंच्या पर्समध्ये परत ठेवला आणि फोन काढला.

धाकट्या डॉक्टरांशी ते बोलले ते एखाद्या चिठ्ठीसारखं: किती दिवस गोळी बंद, सूज किती, मिनिटाला श्वास किती, काय खाल्लं. डॉक्टर म्हणाले, आडवं करू नका, पाय खाली सोडून बसवा, पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरवा. गोळी कोणाकडे आहे का?

“माझ्याकडे आहे की,” यात्रेला सोबत आलेले आमचे ड्रायव्हरभाऊ म्हणाले. त्यांनी पिशवीतून पुडी काढली. “हे काय. लघवीची गोळी. मी तर रोज घेतोय.”

त्यांच्या पुडीवर सरळ शब्द होता, म्हणून त्यांना नोटीस वाचून काही शंकाच आली नव्हती. कंपाउंडरनी पट्टीवरची अक्षरं दोनदा वाचली, डॉक्टरांना वाचून दाखवली, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच बाईंना एक गोळी दिली. एवढ्या धावपळीतही ते पट्टी दोनदा वाचायला विसरले नाहीत, हे मला अजून दिसतं.

तिकीट तपासनिसांनी पुढे कळवलं. सहा वीसला मोठं स्टेशन आलं. फलाटावर रेल्वेचे डॉक्टर आणि चाकांची खुर्ची उभी होती. डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा बघितला आणि म्हणाले, “उतरवा.” गाडी दहा मिनिटं थांबणार. कंपाउंडरनी एका हाताने बाईंची पिशवी उचलली, दुसऱ्याने स्वतःची.

खरं तर यात्रेचा प्रमुख मी होतो. उतरायचं तर मी उतरायचं. मी तसं पुटपुटलोसुद्धा. ते म्हणाले, “तुम्ही बाकीच्यांना घेऊन जा. तिथलं सगळं तुम्हालाच माहीत आहे. आणि औषधाचं काम माझं.”

गाडी सुटली तेव्हा ते फलाटावर खुर्चीच्या मागे उभे होते, गळ्यात आमच्या यात्रेचं ओळखपत्र घालून. आयुष्यात पहिल्यांदा निघालेला तो माणूस देवापासून एका रात्रीच्या अंतरावर उतरला. मी दर्शन घेतलं, सगळ्यांना घडवलं, सगळ्या वेळा पाळल्या. गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि मला एक शब्दही मागता आला नाही.

बाई वाचल्या. पाच दिवस रुग्णालयात काढले, मुलगा विमानाने जाऊन त्यांना घेऊन आला. पण त्यानंतरच्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात सभा भरली तेव्हा तो नोटीस घेऊन उभा राहिला.

“हे कोणी लिहिलं?” त्याने विचारलं. “माझी आई गेली असती. पाण्याच्या गोळ्या घेऊ नयेत! कोणी लिहिलं हे?”

माझ्या समोरच्या फायलीत ती दोन निळी पानं लावलेली होती. माझी फाइल कधी अपुरी नसते. मला फक्त फाइल उघडायची होती. पण त्याच सभेत माझी पुन्हा सेक्रेटरी म्हणून निवड व्हायची होती, पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती, आणि सदतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवत आलेलो. मी मूग गिळून बसलो.

मागच्या खुर्चीवरून कंपाउंडर उठले. “औषधाचा भाग माझा,” ते म्हणाले. “चूक झाली. मी क्षमा मागतो.” आणि बसले.

“इतकी वर्षं आम्ही तुमच्या पुड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला,” मुलगा म्हणाला. ते कोणाला ऐकवलं नाही.

त्यांच्यावर कोणी बहिष्कार वगैरे टाकला नाही. आमची माणसं तशी वाईट नाहीत. फक्त दाराशी येणारी माणसं थांबली. भेटले की नमस्कार करायची, हवापाण्याचं बोलायची आणि गोळ्यांच्या पट्ट्या दुकानदारालाच विचारायची. जिन्यावरून जाता-येता मला त्यांचं दार उघडं दिसायचं. टेबलावर कागदाचे चौकोनी तुकडे, वर निळं पेन. एक दिवस तुकडे तिथे नव्हते. टेबल पुसून स्वच्छ केलं होतं.

ते स्वच्छ टेबल मला सहन झालं नाही. दोन महिने मी स्वतःला समजावत होतो की बोलण्याची वेळ गेली, आता विषय कशाला उकरायचा. त्या संध्याकाळी फाइल काखेत मारून त्यांच्याकडे गेलो आणि बसायच्या आधीच बोललो. “कंपाउंडर, ती ओळ मी केली. तुमची पानं ही माझ्याकडे आहेत. ‘लघवी’ शब्द मला बरा दिसेना, म्हणून काढला. आणि सभेत मी गप्प बसलो. मला लाज वाटते.”

“बसा,” ते म्हणाले.

मी बसलो.

“मला माहीत आहे ते. माझं लिहिलेलं मला आठवत नाही का?”

“मग सभेत बोलला का नाहीत?”

ते म्हणाले, “कारण नोटीस लागली त्या दिवशी मी बोर्डापुढे उभा राहून ती वाचली होती. शेवटपर्यंत. पाण्याच्या गोळ्या हे शब्द वाचले आणि मला बरोबरच वाटले. मला काय म्हणायचंय ते मला माहीत होतं ना, मग मला तेच दिसलं. बाईंच्या पुडीवर तोच शब्द मी आठ वर्षं लिहितोय, पण आठवला नाही. पुडीवर लिहिलं की मी ते नेहमी परत वाचायचो, ज्याला काही माहीत नाही त्याच्या डोळ्यांनी. त्या दिवशी वाचलं ते माझ्या डोळ्यांनी. त्या वेळी बायकोच्या आठवणीत होतो. गाडीचा विचार चालला होता. चूक माझीही आहेच.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही. म्हटलं, “मी उद्याच्या उद्या बोर्डावर लावतो, की चूक माझी.”

“माझं राहू द्या हो,” ते पहिल्यांदाच जरा चिडले. “तो कागद आहे ना, तो अजून घराघरांत आहे. माणसं असा कागद जपून ठेवतात, पुढच्या प्रवासाला उपयोगी पडेल म्हणून. आधी ते कागद गोळा करा. बोर्डाचं मग बघा.”

दुसऱ्या दिवशी मी निघालो. माझी आणि त्यांची प्रत सोडून पंधरा कागद, अकरा दारं. प्रत्येक दाराशी तेच वाक्य म्हणायचं: ‘यातली एक ओळ घातक आहे, ती मी लिहिली, कंपाउंडरनी नाही; कागद परत द्या.’ पहिल्या दाराशी घाम फुटला. चौथ्या दाराशी ड्रायव्हरभाऊ म्हणाले, “हे सभेत सांगायचं होतंत,” आणि दार लावून घेतलं. मग परत उघडून कागद दिला. सातव्या दाराशी आतल्या बाईने कागद देण्याआधी पट्टी आणून दाखवली: तीही हीच गोळी, आणि तिच्याही पुडीवर ‘पाण्याची गोळी’. सुनेने आग्रह धरला म्हणून तिने ती गोळी यात्रेत घेतली होती. पुढच्या महिन्यात ती लेकीकडे निघाली होती, आणि आमची नोटीस तिने बॅगेतच ठेवली होती. मी तो कागद घेतला. कंपाउंडर म्हणाले होते ते शब्दशः खरं होतं.

बाईंचं दार मी शेवटचं ठेवलं. मुलगा घरी होता. त्याला सांगितलं. खुर्चीत बसून त्याने डोकं धरलं. “मी त्यांना काय काय बोललो,” तो म्हणाला.

बाई आतून आल्या, भिंतीला धरत, हळू. हातात नोटीस. त्या ओळीखाली लाल रेघ होती.

“दोन महिने वाट बघत होते,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत होतं?”

“कंपाउंडर कारण दिल्याशिवाय वाक्य लिहीत नाही. आठ वर्षं त्याच्या पुड्या वाचतेय मी. हे वाक्य त्याचं नाही, हे रुग्णालयात डोळे उघडले तेव्हाच कळलं मला. पाच शब्दांत हुकूम! असं कोण लिहितं ते मला बोर्डावरून ठाऊक आहे.”

“मग सभेला निरोप का नाही पाठवलास?” मुलगा जवळजवळ ओरडला.

“वर्गात कोणी केलंय ते मला आधीच कळायचं. मी नाव घेत नसे. ज्याने केलं त्याने उभं राहायला हवं. बहुतेक उभी राहायची.” त्या दम घ्यायला थांबल्या. “पण माझीही चूक झाली. वर्गात अशा वेळी मी दुसऱ्या मुलाला शिक्षा भोगू देत नव्हते. इथे भोगू दिली. मला वाटलं, एक-दोन दिवसांत हा उभा राहील. दोन महिने लागतील असं वाटलं नाही.”

मी मान खाली घातली. अडुसष्ट वर्षांचा मी, कॉलरच्या बटणाशी हात गेला.

“कपाटातली माझी पिशवी काढा,” बाई म्हणाल्या. “गोळ्यांची. आणि माझा हात धरा. जिना उतरायचाय.”

एका बाजूने मुलगा, एका बाजूने मी. प्रत्येक पायरीवर त्या थांबत होत्या. कंपाउंडरच्या दाराशी आलो तेव्हा ते पेपर वाचत होते. बाईंना बघून उठून उभे राहिले. मुलगा पुढे झाला आणि त्यांच्या पायांना हात लावला, पण बोलता काही येईना त्याला. कंपाउंडरनी त्याचे खांदे धरून उठवलं. म्हणाले, “आईला बसव आधी. उभी आहे ती.”

बाई बसल्या. पिशवी टेबलावर उपडी केली. “लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांवर. दुकानदाराचं मला कळत नाही.”

कंपाउंडर टेबलाकडे बघत राहिले. मग खण उघडला. कागदाचे चौकोनी तुकडे तिथेच होते, रबरात बांधून ठेवलेले. त्यांनी एक काढला, पेनचं टोपण काढलं, आणि हात थांबला. बराच वेळ थांबला. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील.

त्यांनी लिहिलं. वाळू दिलं. मग तो तुकडा बाईंना न देता माझ्यापुढे धरला.

“तुम्ही वाचा सेक्रेटरी. मोठ्याने. आणि काय कळलं ते सांगा.”

मी वाचलं: ‘ही लघवीची गोळी. रोज सकाळी घ्या, प्रवासातसुद्धा, कारण ही चुकली तर छातीत पाणी साठून जीव जाऊ शकतो. कोणी लिहून सांगितलं तरी ही बंद करू नका. मी लिहिलं तरीसुद्धा नाही. आधी डॉक्टरांना विचारा.’

“मी लिहिलं तरीसुद्धा नाही,” हे मी पुन्हा एकदा वाचलं.

“लांब झालंय का?” त्यांनी विचारलं. “कमी करायचं असेल तर सांगा.”

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ते खरंच विचारत होते.

“नाही,” मी म्हटलं. “एकही शब्द नको.”

बाईंनी तुकडा घेतला, नीट वाचला, आणि पुडीत ठेवला. मग दुसरी पट्टी पुढे सरकवली.